‘स्वतः’ म्हणजे कोण? : धुळ्याकडच्या एका वर्गातलं प्रकरण

अकरावीला कथेतर गद्याचा घटक शिकवताना मी कित्येक वर्षं फळ्यावर एकच तक्ता काढत आले. डावीकडे आत्मचरित्र, उजवीकडे आठवणी. आत्मचरित्राखाली लिहायचं : संपूर्ण आयुष्य, जन्मापासून क्रमाने, सनावळ्या, पुराव्याचा आधार. आठवणींखाली : आयुष्याचा एक तुकडा, क्रमाची सक्ती नाही, भावना महत्त्वाची, आधार फक्त स्मरणाचा. मुलं तक्ता वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत जसाच्या तसा ओकायची आणि मी पाचपैकी चार गुण देऊन पुढचा पेपर उचलायची. कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

गेल्या वर्षी सहामाहीला मी तक्त्याऐवजी उतारा दिला. रमाबाई रानड्यांच्या पुस्तकातली धुळ्याच्या मुक्कामाची दीड पानं. आमचं कॉलेज धुळ्यापासून एसटीने तासाभरावर, तेव्हा मुलांना गाव तरी ओळखीचं वाटेल एवढाच माझा हिशोब होता. खाली लेखिकेचं नाव दिलं, पुस्तकाचं नाव मुद्दाम दिलं नाही. विचारलं, की हा उतारा आत्मचरित्रातला आहे की आठवणींच्या पुस्तकातला, कारणं द्या.

बहुतेकांनी आत्मचरित्र लिहिलं. कारणं तक्त्यातलीच : प्रसंग खरा आहे, गावाचं नाव आहे, लेखिका ‘मी’ म्हणून बोलते. काहींनी आठवणी लिहिलं, कारण ‘प्रसंग दुःखी आहे आणि भावना आहेत’. दोन्ही गटांना तक्ता पुरला, हीच खरी गंमत. एकच तक्ता, एकच उतारा आणि दोन उलटी उत्तरं, दोन्ही ‘बरोबर’. आणि एका मुलाने, जो एरवी निबंधात नापास होता होता वाचतो, त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या : हे आत्मचरित्र नाही, कारण बाई स्वतःचं काहीच सांगत नाही, साहेबांचंच सांगते.

त्याला गुण द्यायला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. मी पेपर बाजूला ठेवला आणि तक्ता मोडायला घेतला. ते सगळं कसं झालं, ते इथे लिहिते आहे.

आधी उताऱ्यामागची हकिकत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तेव्हा न्यायमूर्ती व्हायचे होते, नाशिकला सबजज्ज होते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू होतं. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या. पुण्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा या सगळ्याला हात असावा असा सरकारला संशय होता, आणि रानडे हे त्या लोकांतलं मोठं नाव. त्यांची नाशिकहून तडकाफडकी धुळ्याला बदली झाली. धुळ्यात त्यांच्या टपालावर नजर होती. बंडवाल्यांच्या नावाने लिहिलेली, आत काहीबाही मजकूर असलेली पत्रं घरी येऊ लागली. रानडे ती पत्रं सरळ पोलिसांकडे पाठवून देत. काही महिन्यांनी संशय निवळला.

त्या वेळी रमाबाई सतरा वर्षांच्या होत्या. लग्न १८७३ साली झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि रानडे एकतिशीत. पुस्तक छापून आलं १९१० साली, म्हणजे धुळ्यानंतर एकतीस वर्षांनी आणि रानडे गेल्यानंतर नऊ वर्षांनी. नाव : ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’.

पेपर वाटल्यावर पहिल्याच तासाला मी हे नाव फळ्यावर लिहिलं आणि प्रत्येक शब्दापाशी थांबले. ‘आमच्या’, म्हणजे ‘माझ्या’ नाही. ‘काही’, म्हणजे सगळ्या नाही. ‘आठवणी’. इतकं स्वच्छ सांगितल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, मग गाइडमध्ये आत्मचरित्र का लिहिलंय?’

प्रश्न रास्त होता. गाइडच कशाला, चांगल्या चांगल्या पुस्तकांतही मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांची यादी रमाबाईंपासून सुरू होते. आणि हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. या पुस्तकाचे इंग्रजीत दोन अनुवाद झाले. १९३८ सालच्या अनुवादाचं नाव ‘हिमसेल्फ : द ऑटोबायोग्राफी ऑफ अ हिंदू लेडी’. कुसुमावती देशपांड्यांनी केलेला दुसरा अनुवाद १९६३ साली आला, त्याचं नाव ‘रानडे : हिज वाइफ्स रेमिनिसन्सेस’. पुस्तक एकच. एका मुखपृष्ठावर ते एका हिंदू बाईचं आत्मचरित्र, दुसऱ्यावर रानड्यांविषयी त्यांच्या पत्नीच्या आठवणी. साहित्यप्रकार ठरवणं म्हणजे पिशवीवर चिठ्ठी चिकटवणं नव्हे, हे मुलांना सांगायला मला याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

पण १९३८ च्या नावातला पहिला शब्द पाहा. ‘हिमसेल्फ.’ बाईच्या आत्मचरित्राला हे पुल्लिंगी नाव आलं कुठून? ते रमाबाईंच्या मराठीतून आलंय. पुस्तकभर त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. ‘स्वतः कोर्टात गेले’, ‘स्वतःला बरं नव्हतं’, अशा धाटणीची वाक्यं. आजच्या मुलांना हे वाचताना पहिल्यांदा अडखळायला होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी उताऱ्यातला ‘स्वतः’ हा शब्द रमाबाईंना लावला होता, आणि त्यामुळे कोर्टात जाणाऱ्याही त्याच झाल्या होत्या. एका मुलीने तर ‘लेखिका वकील होत्या’ असं लिहून टाकलं होतं.

हा उलगडा झाल्यावर वर्गात हशा पिकला, आणि मग एकेक जण आपापल्या आज्या काढू लागला. कुणाची आजी आजोबांना ‘पोऱ्याना बाप’ म्हणते, कुणाची नुसतं ‘हे’, कुणाची थेट ‘तिकडे विचार’. नाव निघतं ते फक्त उखाण्यात. मला हा धागा सोडायचा नव्हता. म्हटलं, ज्या भाषेत बाई नवऱ्याला ‘स्वतः’ म्हणते, त्या भाषेत तिने ‘स्वतःविषयी’ पुस्तक लिहिलं तर ते कुणाविषयी होईल? उत्तर त्या दोन ओळीवाल्यानेच दिलं.

पुस्तकाच्या मध्यावर कोण उभं आहे, ही आमची पहिली कसोटी ठरली. फ्रेंच अभ्यासक फिलिप लज्यून यांनी १९७० च्या दशकात आत्मचरित्राची जी व्याख्या मांडली तिचा गाभा हाच आहे : खऱ्या माणसाने मागे वळून, गद्यात, आपल्याच आयुष्याची सांगितलेली हकिकत, जिचा रोख स्वतःचं व्यक्तिमत्त्व कसं घडलं यावर असतो. लेखक, सांगणारा आणि ज्याच्याविषयी सांगायचं तो, तिघे एकच. आठवणींमध्ये पहिले दोघे एकच असतात, तिसरा बदलू शकतो. तो नवरा असेल, गुरू असेल, चळवळ असेल, एखादा दुष्काळ असेल. सांगणारा तिथे साक्षीदार म्हणून उभा असतो. रमाबाईंच्या धुळ्याच्या पानांत ‘मी’ भरपूर आहे, पण तो पाहणारा ‘मी’ आहे. म्हणून ‘मी आहे म्हणजे आत्मचरित्र’ ही खूण फसवी. ‘मी’ किती वेळा आला ते मोजू नये, तो वाक्यात काय करतो ते पाहावं.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. रमाबाईंचं पुस्तक इतकं सरळही नाही. घरातल्या बायकांचा विरोध सोसून एक लहान मुलगी नवऱ्याकडे अक्षरं गिरवते, इंग्रजी शिकते, ही हकिकत त्यात आहे, आणि तिथे मध्यावर रानडे नाहीत, रमाबाईच आहेत. १९३८ च्या अनुवादाला ‘ऑटोबायोग्राफी’ म्हणावंसं वाटलं असेल ते या पानांमुळे. पण शेवट पाहिला की तोल पुन्हा झुकतो. रानडे १६ जानेवारी १९०१ ला गेले आणि पुस्तक तिथेच थांबतं. लिहिणारी बाई मात्र थांबली नव्हती. पुण्याचं सेवासदन १९०९ साली उभं राहिलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुस्तक छापलं जात होतं तेव्हा त्या ऐन कामात होत्या. त्यातलं काहीच पुस्तकात नाही. आत्मचरित्र लिहिणारा माणूस आपल्या कर्तृत्वाची सर्वांत भरलेली वर्षं अशी सोडणार नाही.

शेवट कुठे होतो हे पाहायचं ठरलं तेव्हा तक्त्यातली ‘संपूर्ण आयुष्य’ ही ओळ आपोआप गळून पडली. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ घ्या. ते आत्मचरित्र आहे याबद्दल कुणाचं दुमत नाही. ते आलं १९१५ साली. कर्वे तेव्हा सत्तावन वर्षांचे, आणि ते जगले १९६२ पर्यंत, वयाच्या एकशे पाचव्या वर्षापर्यंत. ज्या महिला विद्यापीठासाठी आज त्यांचं नाव घेतलं जातं ते निघालं १९१६ साली, म्हणजे पुस्तकानंतर. भारतरत्न मिळालं १९५८ ला. आयुष्याचा जवळजवळ निम्मा भाग आत्मवृत्ताच्या बाहेर आहे. एरवी तरी संपूर्ण आयुष्य लिहिणार कोण? शेवटचं प्रकरण लिहायला लेखक उरत नाही.

तरी ते आत्मचरित्रच, कारण त्यातला प्रत्येक टप्पा एकाच माणसाच्या घडणीकडे वळवून घेतलेला आहे. मुरुडचा एक मुलगा परीक्षेला बसायला सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी जातो आणि तिथे वय कमी दिसतं म्हणून त्याला परत पाठवतात, हा प्रसंग मी वर्गात सांगितला. तो साताऱ्याचं किंवा परीक्षेचं वर्णन म्हणून येत नाही, ‘मी असा चिकट कसा झालो’ याचं उत्तर म्हणून येतो. हेच जर कुणी आठवणी म्हणून लिहिलं तर तो त्या वाटेवरच रमेल : घाट, सोबती, फोड आलेले पाय. आणि परीक्षेचं पुढे काय झालं ते एका ओळीत उरकेल.

मुलांना हा फरक पटला, पण तो ओळखायचा कसा हे अजून हातात आलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या तासाला मी उताऱ्याच्या झेरॉक्स वाटल्या आणि दोन रंगांच्या पेन्सिली काढायला लावल्या. जे रमाबाईंखेरीज दुसऱ्या कुठल्या कागदावरूनही कळू शकेल त्याखाली निळी रेघ. जे फक्त त्यांनाच माहीत असणार त्याखाली लाल. बदली झाली, गाव कोणतं, हुद्दा कोणता : निळं. ते सरकारी दप्तरात सापडेल. पत्रं पोलिसांकडे पाठवली : हेही निळं, पोलिसांकडे नोंद असू शकते. पण टपाल आल्यावर घरात काय वातावरण असायचं, नवरा काय बोलला, काय बोलला नाही, सतरा वर्षांच्या मुलीला त्यातलं किती कळलं : हे सगळं लाल.

या पद्धतीत एक खाच आहे आणि ती मला दुसऱ्या दिवशी कळली. मुलांनी निष्कर्ष काढला की निळं जास्त तर आत्मचरित्र, लाल जास्त तर आठवणी. म्हणजे जुना तक्ता मागच्या दाराने आत आला. मी त्यांना थांबवलं. कर्व्यांच्या पायी प्रवासातलं बरंच काही लालच आहे, त्याची नोंद कुठल्या दप्तरात असणार? रेघांनी प्रकार ठरत नाही. रेघांनी हे कळतं, की वाचकाने कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे पडताळून पाहायचं. आत्मचरित्र लिहिणारा निळ्या जागांची जबाबदारी घेतो. तारीख चुकली तर ती त्याची चूक मानली जाते, म्हणून तो जुनी पत्रं, रोजनिशी, दाखले काढून बसतो. आठवणी लिहिणारा सांगतो, की मला हे असं आठवतं. त्याला चुकायची थोडी मोकळीक मिळते, खोटं लिहायची मिळत नाही. या दोन वाक्यांतला फरक समजायला आम्हाला पुढे एक आठवडा आणि एका मुलीची वही लागली. ते पुढे येईलच.

मधे दोन अडथळे आले, ते थोडक्यात सांगते.

पहिला हिंदीचा. आमची मुलं हिंदीच्या तासाला ‘संस्मरण’ शिकून येतात. हिंदीत संस्मरण बहुधा दुसऱ्या माणसाविषयीच असतं. महादेवी वर्मांचं ‘पथ के साथी’ पूर्ण समकालीन लेखकांवर आहे. म्हणून मुलं ‘आठवणी म्हणजे दुसऱ्याविषयी’ असा नियम करून मोकळी झाली. मराठीत तसं बंधन नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या पुस्तकाचं नाव ‘स्मृतिचित्रे’, नावावरून आठवणीच. पण आपल्या घराण्यापासून, वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून सुरुवात करून त्या आपली सगळी घडण मांडतात, रेव्हरंड टिळक गेल्यानंतरचंही लिहितात. ती आत्मचरित्राकडेच झुकते. म्हणजे नाव पाहावं, पण नावावर जाऊ नये. इंग्रजीतही ‘मेमॉयर’ हा शब्द पूर्वी अनेकवचनात सेनापती आणि मुत्सद्दी आपल्या कारकिर्दीच्या हकिकतीला लावत. हल्ली एकवचनात तो स्वतःच्या आयुष्यातल्या एखाद्या कप्प्याला लागतो. एकच शब्द, दोन अर्थ. इंटरनेटवरून तयार तक्ते उचलणाऱ्या शिक्षकांनी (मीही त्यातलीच) हे ध्यानात ठेवलेलं बरं.

दुसरा अडथळा साने गुरुजींचा. तो येणारच होता. आमच्या वर्गात अमळनेरकडची चार-पाच मुलं आहेत, गुरुजी १९२४ ते १९३० तिथल्या शाळेत शिक्षक होते, आणि ‘श्यामची आई’ प्रत्येकाने आठवीच्या आत वाचलेली किंवा निदान सिनेमात पाहिलेली. ‘मग ती काय, आत्मचरित्र का आठवणी?’ अर्ध्या वर्गाचं मत आठवणी, कारण ती आईविषयी आहे. आमची पहिली कसोटी त्यांनी इमानदारीने लावली होती.

मी त्यांना मुखपृष्ठ आणि पहिलं प्रकरण शेजारी शेजारी ठेवायला सांगितलं. मुखपृष्ठावर लेखक पांडुरंग सदाशिव साने. आत सांगणारा श्याम. नावं जुळत नाहीत. आश्रमात रोज रात्री मित्र जमतात आणि श्याम त्यांना एकेक आठवण सांगतो, ही चौकटही रचलेली आहे. गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. पालगडची ती आई खरी, तिचे संस्कार खरे, पण ‘हा श्याम म्हणजे मीच, आणि हे असंच घडलं’ असा करार लेखकाने मुखपृष्ठावर वाचकाशी केलेला नाही. आशय कितीही खरा असला तरी ती कादंबरीच्या बाजूला जाते, म्हणून तिला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात. एक पोरगा नाराज झाला. त्याला वाटलं मी गुरुजींना खोटं पाडते आहे. त्याची समजूत मी पूर्ण घालू शकले नाही. आत्मचरित्र लिहायचं नाही असं ठरवण्याचा हक्क लेखकाला असतो, एवढंच त्याला सांगितलं.

आता ती वही. घटकाच्या शेवटी मी सगळ्यांना दोन पानं लिहायला सांगितली होती : एक पान आत्मचरित्राचं, एक आठवणीचं, दोन्हीत खरं तेच. आत्मचरित्राची पानं अपेक्षेप्रमाणे जन्मदाखल्यासारखी निघाली. ‘माझा जन्म अमुक तारखेला अमुक दवाखान्यात झाला. मी पहिलीत अमुक शाळेत गेले.’ सोळा वर्षांचं आयुष्य बारा ओळींत उरकलेलं. क्रम होता, तारखा होत्या, जुन्या तक्त्याप्रमाणे पैकीच्या पैकी. फक्त माणूस कुठेच घडत नव्हता. ही चूक मुलांची नाही, माझ्या तक्त्याची. मी शेरा लिहिला, ‘यातली कोणती गोष्ट घडली नसती तर तू आज वेगळी असतीस? तिथून सुरू कर.’ पुन्हा लिहून आणल्यावर काही पानं सुधारली.

एका मुलीचं आठवणीचं पान मात्र पहिल्याच फटक्यात उभं राहिलं होतं. तिने कानबाईचे रोट घेतले होते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : श्रावणात कानबाई बसते, तिच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू काढतात, ते दळून त्या पिठाचे रोट करतात, आणि भाऊबंदकी एकत्र बसून खाते. मुलीने लिहिलं होतं की आजोबा गेले त्या वर्षी आजी सुपात गहू काढायला बसली. मोठ्या काकांच्या नावाने मूठ घातली, मग वडिलांच्या, मग धाकट्या काकांच्या, मग भावांच्या. पहिली मूठ नेहमी आजोबांची असायची. आजीचा हात कणगीत गेला, भरून वर आला, आणि तिने मूठ उघडून गहू परत कणगीत सोडले. मुलगी दारात उभी होती. ‘गहू पडल्याचा आवाज आला, मग आजीने मूठ पुन्हा भरली आणि काकांचं नाव घेतलं.’ तेव्हा मी सहावीत होते, असंही तिने लिहिलं होतं.

मी पान वर्गात वाचून दाखवलं. मुलीने ते घरीही वाचून दाखवलं, आणि तिथे बिनसलं. धाकटे काका म्हणाले, आजोबा गेले त्या वर्षी आपल्याकडे रोट झालेच नाहीत, दुखवटा होता. आई म्हणाली, तू सहावीत नव्हतीस, पाचवीत होतीस. मुलगी दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘मॅडम, मी खोटं लिहिलं.’

साहित्यप्रकारातला फरक खरा कामाला लागतो तो इथे, म्हणून मी ते पान पुन्हा फळ्यावर घेतलं. आधी निळ्या जागा वेगळ्या केल्या : आजोबांच्या मृत्यूचं साल, मुलीची इयत्ता, त्या श्रावणात रोट झाले की नाही. या तिन्ही पडताळता येतात. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख तिने घरून आणली. शाळेच्या जुन्या निकालपत्रावरून इयत्ता पाचवी निघाली, आई बरोबर होती. रोटांचं नक्की होईना. काका म्हणत होते झाले नाहीत, आजी म्हणाली, ‘आठवत नाही, पण मी मूठ सोडली व्हती.’ म्हणजे मूठ सोडणं खरं, पण ते कदाचित पुढच्या श्रावणातलं. तसं असेल तर मुलगी त्या वेळी सहावीतच होती. तिची इयत्ता बरोबर होती, चुकलं होतं ते ‘त्या वर्षी’. स्मरणाने मृत्यू आणि मूठ एकमेकांजवळ आणून ठेवले होते. स्मरण असंच करतं, दोन गोष्टी अर्थाने जवळ असल्या की काळानेही जवळ ओढतं.

मग वर्गाला विचारलं, हे पान आत्मचरित्रात घालायचं असेल तर काय करावं लागेल? उत्तरं नीट आली. साल नक्की करावं, ‘आजोबा गेल्याच्या पुढच्या श्रावणात’ असं लिहावं, किंवा ठरत नसेल तर काळाचा उल्लेखच काढावा. आणि आठवणी म्हणून ठेवायचं असेल तर? एक जण म्हणाला, तसंच ठेवावं, तिला तसंच आठवतं ना. इथे मी अडवलं. काल संध्याकाळपर्यंत ते तसं ठेवणं बरोबर होतं. आता तिला माहीत झालंय की ते तसं नसावं. माहीत असून तसंच लिहिलं तर ती आठवण उरत नाही, रचना होते. मग गुरुजींसारखं नाव बदलावं आणि कथा लिहावी, तेही चालेल, पण वेगळ्या घटकात.

मुलीने तिसरा रस्ता काढला, आणि मला तो सर्वांत चांगला वाटला. तिने पान बदललं नाही, त्यात चार वाक्यं घातली : ‘माझ्या डोळ्यांपुढे हे आजोबा गेले त्याच वर्षीचं आहे. काका म्हणतात त्या वर्षी रोट झालेच नाहीत. आजीला साल आठवत नाही, मूठ आठवते. मलाही मूठच आठवते.’ भांडण तिने वाचकासमोर ठेवलं. आत्मचरित्रकाराला हा निकाल लावून मगच पुढे जावं लागलं असतं. आठवणी लिहिणाराला निकाल न लावता पुढे जाता येतं, मात्र निकाल लागलेला नाही हे त्याने सांगायला हवं.

वर्गात कुणीतरी विचारलं की हे पान मुलीविषयी आहे की आजीविषयी. रमाबाईंच्या उताऱ्याला लावलेली कसोटी त्यांनी आपण होऊन लावली. बराच वेळ वाद झाला. मुलीचं म्हणणं आजीविषयी. दोन ओळीवाल्याचं म्हणणं, आजीविषयी असतं तर ‘मी दारात उभी होते’ हे कशाला सांगितलं? आजी काय विचार करत होती ते कुठेच नाही, आवाज ऐकला तो मुलीने. मी मत दिलं नाही. मला स्वतःला ते मुलीविषयीचं वाटतं.

राहिला गुणांचा प्रश्न. विभागातल्या ज्येष्ठ सरांना हा सगळा उपद्व्याप फारसा पसंत नव्हता. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता, आणि मी तो उडवून लावत नाही : बाहेरचा परीक्षक तपासणार असेल आणि त्याच्याकडच्या नमुना उत्तरात ‘आत्मचरित्र’ असेल, तर ‘आठवणी’ लिहिणाऱ्या मुलाचं नुकसान होईल. शेवटी आमच्या अंतर्गत परीक्षेपुरतं असं ठरलं, की प्रकाराच्या नावाला एकच गुण, बाकी चार कारणांना. कारण उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवून दिलेलं हवं. ‘भावना आहेत’ याला शून्य. बाहेरच्या परीक्षेसाठी मुलांना सांगून ठेवलं की रमाबाईंच्या पुस्तकाला ‘आत्मचरित्रपर आठवणी’ म्हणा आणि पुढच्या ओळीत का ते लिहा. ही तडजोड आहे, मला माहीत आहे.

वार्षिक परीक्षेला मी पुन्हा अनोळखी उतारा दिला. या वेळी दोन्ही बाजूंची उत्तरं आली, पण कारणं वाचण्याजोगी होती, आणि तपासायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. सहामाहीचा तो जुना पेपरही मी काढला आणि दोन ओळीवाल्याच्या उत्तराला पाचपैकी साडेतीन दिले. त्याने हिशोब विचारला. दीड गुण का कापला म्हणून. म्हटलं, ‘साहेबांचंच सांगते’ हे तू कोणत्या शब्दावरून ठरवलंस ते लिहिलं नाहीस. तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘स्वतः वरून.’

मी अर्धा गुण वाढवला.